पोळी चौकोनी असावी का? आठवीच्या अबोल वर्गाला वादात उतरवताना

प्रश्न : मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला शिकवतो. वर्गात ४८ मुलं. वादविवाद घेतला की तीच चार-पाच मुलं बोलतात, बाकीची बाकाकडे बघत बसतात. ‘मोबाईल : शाप की वरदान’ हा विषय दिला तर निबंधाच्या पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी आली. विनोदी विषयांवर वादाचे खेळ घ्यावेत असं मनात आहे. पण त्यातून मुलं विचार करायला आणि धीटपणे बोलायला शिकतील, की नुसता दंगा होईल? नेमकं कसं घेऊ?

उत्तर :

सर, शिकतील. मात्र एक नियम पहिल्या दिवसापासून कडक हवा : विषयावर कितीही हसा, पण तोंड उघडायचं ते कारण सांगायला. हा नियम सैल पडला की तुम्हाला वाटतो तो दंगा होतोच. नियम टिकला तर हसण्यामुळे अडचण होत नाही, उलट मुलांची भीड मोडते.

‘शाप की वरदान’ला पुस्तकातली वाक्यं आली, त्यात मुलांचा दोष नाही. त्या विषयावर मोठ्यांना काय ऐकायला आवडतं हे आठवीतल्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो विचार करत नाही, आठवत बसतो. आठवलं नाही की गप्प राहतो. पुण्यात तर भाषण म्हणजे ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’पासून सुरू होणारं आणि घरी पाठ केलेलं काहीतरी, असा मुलांचा समज झालेला असतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालणारं हे शहर आहे, त्यामुळे एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं याची आपल्याला चांगली सवय आहे. वादात दोघांनाही ऐकावं लागतं. अबोल मुलाला नेमका इथेच शिरकाव मिळतो. पाठ केलेलं काही नसलं तरी समोरच्याच्या बोलण्याला धरून त्याला बोलता येतं.

सगळे खेळ सांगत बसत नाही. एकच खेळ आणि एकच विषय नीट उलगडून सांगते, कारण माझ्या मते आठवीला दहा खेळांची गरज नसते. एक खेळ पाच-सहा आठवडे वेगवेगळ्या विषयांवर खेळला की मुलांना नियमांकडे बघावं लागत नाही, आणि तेव्हाच त्यांचं डोकं कारणांकडे वळतं.

आधी विषय. मी सुरुवातीला बहुधा हाच घेते : ‘पोळी चौकोनी असावी.’ फळ्यावर मात्र ‘पोळी / चपाती’ असं दोन्ही लिहा. आपल्याकडे कुठल्या घरात कोणता शब्द वापरतात यावरून मुलं एकमेकांना जोखतात, आणि वादाच्या पहिल्याच मिनिटाला कुणाच्या घरच्या भाषेवर हसू आलं तर ते मूल वर्षभर बोलणार नाही. दोन्ही शब्द तुमच्याच अक्षरात फळ्यावर असले की तो प्रश्न उरत नाही.

हा विषय का चालतो ते सांगते, म्हणजे पुढचे विषय तुम्हाला स्वतःला निवडता येतील. पोळीबद्दल वर्गातल्या प्रत्येकाला जवळपास सारखीच माहिती असते. वर्तमानपत्र वाचणारा मुलगा आणि संध्याकाळी दुकानात बसणारा मुलगा इथे एका पातळीवर येतात. कदाचित घरी पोळ्या लाटणारी अबोल मुलगी सगळ्यांच्या पुढेच असेल. दुसरं म्हणजे विषय ‘असावी’ असा आहे, ‘आहे का’ असा नाही. ‘शनिवारवाड्यात भूत आहे का’ हा विषय मुलांना फार आवडतो, पण तो चालत नाही. त्यात कुणी म्हणतं आहे, कुणी म्हणतं नाही, आणि पुरावा कुणाकडेच नसल्यानं वाद दोन वाक्यांत संपतो. ‘करावं की करू नये’ अशा विषयात फायदा, तोटा, खर्च, सवय, सोय असं बरंच काही तोलता येतं. तिसरी कसोटी तुम्ही घरी बसून लावायची : दोन्ही बाजूंनी खरोखरची निदान तीन-तीन कारणं स्वतः लिहून बघा. एका बाजूची दोनच्या पुढे जात नसतील तर तो विषय सोडा.

काय टाळायचं तेही सांगते. मांसाहार, उपास, कपडे, अंगकाठी, रंग, डब्यात कोण काय आणतं, कोण कुठे राहतं, हे विषय विनोदी वाटले तरी घेऊ नका. त्यात हसू विषयावर राहत नाही, माणसावर जातं. ‘टीव्हीचा रिमोट आजीच्याच ताब्यात असावा’, ‘दप्तराला चाकं सक्तीची करावीत’, ‘मांजराला घरकामात वाटा द्यावा’, ‘उकडीच्या मोदकाला कळ्या मोजून किंमत लावावी’ असे विषय चांगले चालतात.

आता तास. ३५ मिनिटांचा तास धरते. पहिली दोन मिनिटं विषय वाचून दाखवा आणि मुलांना मनसोक्त हसू द्या. ते हसू दाबलं की मध्येच कुठेतरी बाहेर येतं. मग बाजू वाटा : हजेरीचा क्रमांक सम असेल तर चौकोनी पोळीच्या बाजूनं, विषम असेल तर विरुद्ध. बाजू मुलांना निवडू देऊ नका. ही गोष्ट छोटी वाटते, पण धीटपणाच्या दृष्टीनं मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. बाजू वाटून मिळाली की बोललेलं मत स्वतःचं नसतं. ते खोडलं गेलं तरी मूल हरत नाही, फक्त कारण हरतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलं गप्प बसतात ती बहुतेकदा सुचत नाही म्हणून नव्हे, आपलं हसं होईल म्हणून. वाटून मिळालेली बाजू ही भीती बरीच कमी करते.

बाजू मिळाल्यावर शेजारच्याबरोबर जोड्या. सम-विषम जुळत नसेल तर एखाद्याला बाक बदलायला सांगा, पण शक्यतो ओळखीचाच जोडीदार ठेवा. ४८ मुलांच्या २४ जोड्या होतात. आता एक मिनिट सम मुलांनी बोलायचं, मग एक मिनिट विषम मुलांनी. म्हणजे एका वेळी २४ मुलं बोलत असतात. आवाज होईल, शेजारच्या वर्गाला आधीच कल्पना देऊन ठेवा. पण या गलक्याचा फायदा असा की कुणाचंच बोलणं एकटं ऐकू येत नाही. जे मूल वर्गासमोर एक अक्षर काढत नाही तेही या गलक्यात शेजाऱ्याला सांगून मोकळं होतं. दोन मिनिटांत सगळा वर्ग बोललेला असतो. नेहमीच्या पद्धतीनं दोन-दोन मिनिटांची भाषणं घेतली असती तर तेवढ्या वेळात एकच मूल बोललं असतं.

जोडीत ऐकणाऱ्याला एकच काम द्या. समोरच्यानं कारण सांगितलं की विचारायचं, ‘म्हणून काय झालं?’ बाकी काही बोलायचं नाही. या एका प्रश्नानं तर्क कसा उघडा पडतो ते पाहा.

मुलगा म्हणतो, ‘पोळी चौकोनी असावी, कारण डबा चौकोनी असतो.’

‘म्हणून काय झालं?’

‘म्हणून कोपरे रिकामे राहत नाहीत.’

‘म्हणून काय झालं?’

‘म्हणून डब्यात जास्त पोळ्या मावतात.’

इथे शेजारची मुलगी थांबते, कारण तिला उत्तर दिसलेलं असतं. आपण पोळी डब्यात सपाट ठेवतच नाही. चार घड्या घालून ठेवतो किंवा गुंडाळी करतो. म्हणजे डबा चौकोनी आहे हे खरं, पोळ्या जास्त मावाव्यात हेही ठीक, पण या दोन्हींना जोडणारी मधली गोष्ट, पोळी डब्यात पसरून ठेवतात ही, खोटी आहे. मुलानं ती बोलून दाखवली नव्हती, त्याच्या मनात ती आपोआप धरलेली होती. तर्कशिक्षणाचा गाभा हाच आहे : कारण खरं असूनही दावा पडू शकतो, कारण मधली जोड तुटलेली असते. न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, डोंगरावरच्या धुराचं उदाहरण हेच दाखवतं. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. पण हे पटायला ‘जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात’ हे मधलं वाक्य लागतंच. मुलांना हे उदाहरण जरूर सांगा, पण पोळीनंतर. आधी सांगितलं तर तो धडा होतो, नंतर सांगितलं तर त्यांना आपलाच डबा आठवतो.

जोड्या झाल्या की चौघाचौघांचे गट करा, दोन सम आणि दोन विषम. यांना पाच मिनिटं द्या. काम एवढंच, की आपल्या बाजूचं सर्वांत टिकणारं एक कारण निवडायचं आणि एका वाक्यात वहीत लिहायचं. एकच. मुलांना पाच-सहा कारणं रांगेनं सांगण्याची सवय असते, कारण उत्तरपत्रिकेत मुद्दे मोजले जातात. निवडायला लावलं की त्यांना कारणं एकमेकांशी ताडून बघावी लागतात.

मग मोठा फेरा. इथे माझा एक नियम आहे, जो मी कुठल्याही वर्गात सोडत नाही. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, असंच म्हणालो’ असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांची हीच रीत होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग उत्तरपक्ष. वर्गात याचे दोन फायदे होतात. भराभर बोलणाऱ्या चार-पाच जणांना लगाम बसतो, कारण त्यांना ऐकण्याची सवय नसते आणि ते पूर्वपक्षातच अडकतात. आणि अबोल मुलाला पहिलं वाक्य आयतं मिळतं. ‘ती म्हणते की...’ अशी सुरुवात कुणालाही करता येते. पहिलं वाक्य बाहेर पडलं की दुसरं बहुधा येतं. पूर्ण साचा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा : ‘ती म्हणते की... पण... कारण... म्हणून...’

या फेऱ्यात साधारण काय घडतं, ते एका वर्गातल्या चालीवरून सांगते. चौकोनी पोळीच्या बाजूनं एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘शंकरपाळ्या आपण चौकोनी कापतो, कारण कणीक वाया जात नाही. पोळीचंही तसंच.’ हे फार चांगलं कारण आहे. मोठी पोळी लाटून तिचे चौकोन कापले तर मध्ये फटी राहत नाहीत, वाटीनं गोल कापले तर राहतात. विरुद्ध बाजूच्या मुलानं आधी तिचं म्हणणं तसंच्या तसं सांगितलं आणि मग म्हणाला, ‘पण पोळी आपण कापत नाही, एकेक लाटतो. कणकेचा गोळा आधीच गोल असतो. म्हणून वाया जाण्याचा प्रश्नच नाही. उलट चौकोनी करायला कडा कापाव्या लागतील, तेव्हा वाया जाईल.’ पाहा, त्यानं शंकरपाळीचं उदाहरण खोटं ठरवलं नाही. ते पोळीला लागू पडत नाही, हे दाखवलं. दोन गोष्टी सारख्या आहेत असं कुणी म्हटलं की ‘ज्या बाबतीत बोलतो आहोत, त्याच बाबतीत सारख्या आहेत का’ हे तपासायचं. हे मुलांना इथे एकदा कळलं की पुढे जाहिरातीतही दिसायला लागतं.

मग तवा आला. कुणीतरी म्हणालं, तवा गोल असतो, चौकोनी पोळीत तव्याची जागा फुकट जाते. इथे मी थांबवते आणि विचारते, किती? आठवीला वर्तुळाचं क्षेत्रफळ असतं, आणि कर्णांवरून समभुज चौकोनाचं क्षेत्रफळ काढणंही असतं. तव्यावर २० सेंटीमीटर व्यासाची पोळी बसते असं धरा. गोल पोळीचं क्षेत्रफळ ३.१४ गुणिले १० गुणिले १०, म्हणजे ३१४ चौरस सेंटीमीटर. त्याच तव्यावर बसणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरसाचा कर्ण २० सेंटीमीटर, म्हणून क्षेत्रफळ २० गुणिले २० भागिले २, म्हणजे २०० चौरस सेंटीमीटर. पोळी जवळपास एक तृतीयांशानं लहान झाली. ‘जागा फुकट जाते’ हे मत होतं, ‘३१४ च्या जागी २००’ हा पुरावा आहे. वर्गात हा आकडा फळ्यावर आला की मुलं शांत होतात, कारण विनोदी विषयात खरं काही निघेल अशी त्यांची अपेक्षा नसते.

पण वाद तिथे संपत नाही. चौकोनी बाजूचं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मग तवाही चौकोनी करा!’ हशा होतो. होऊ द्या, आणि मग तोच प्रश्न विचारा, ‘म्हणून काय झालं?’ तवा चौकोनी केला तर खाली शेगडीची ज्योत गोलच राहते, कोपऱ्यांना आच कमी लागणार. मग शेगडीही बदला. इथे मुलांच्या लक्षात येतं की एक गोष्ट बदलायला निघालं तर तिच्यामागच्या किती गोष्टी बदलाव्या लागतात, आणि बदल सुचवणाऱ्याला त्या सगळ्यांचा हिशोब द्यावा लागतो. जे चाललंय ते चालू ठेवा म्हणणाऱ्यावर तेवढं ओझं नसतं. वादविवाद स्पर्धांमध्ये मोठी मुलं हे शिकायला बराच वेळ घेतात. इथे ते तव्यावरून कळतं.

घरी एकच काम द्या : पोळ्या करणाऱ्या कुणाला तरी एक प्रश्न विचारून यायचं. आई असेल, बाबा असतील, घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी असतील, कोपऱ्यावरचं पोळीभाजी केंद्र असेल. दुसऱ्या तासाला वर्गाचा रंगच बदलतो. एकीची आजी सांगते की घडीची पोळी आधी त्रिकोणी घडी घालून मगच गोल लाटतात, म्हणजे आकार हा सवयीचा भाग आहे. कुणाच्या घरी चौकोनी घडीचा पराठा होतोच, आणि तो कोपऱ्यांपर्यंत भाजतो, म्हणजे कालचा ज्योतीचा मुद्दा थोडा ढिला पडला. कुणी विचारतं, ‘आकार आपण ठरवतोय, पण लाटणारी आई. तिला विचारलं का?’ हा प्रश्न आला की थोडा वेळ त्याच्यावरच थांबा. निर्णय कोण घेतं आणि कष्ट कुणाचे, हे तोलायला मुलं आपण होऊन शिकतात, आणि असा प्रश्न बहुधा आजवर न बोललेल्या मुलाकडून येतो.

आता बोलण्याकडे येते. आवाज, उभं राहणं, नजर यांवर पहिले काही आठवडे एकही टिप्पणी करू नका. तुम्ही फक्त कारणाबद्दल बोला. ‘छान बोललीस’ म्हणू नका, ‘तू डबा आणि पोळी यांच्यातली तुटलेली जोड पकडलीस’ असं म्हणा. पहिल्या वाक्यानं मूल आपण कसे दिसतो याचा विचार करायला लागतं, दुसऱ्यानं आपण काय म्हणालो याचा. ‘न’ आणि ‘ण’च्या उच्चारावर तर वादाच्या तासाला अजिबात बोलू नका, आणि वर्गातल्या कुणी सुधारायचा प्रयत्न केला तर तिथल्या तिथे थांबवा. प्रमाणभाषा शिकवायला तुमच्याकडे वेगळे तास आहेत.

आवाज लहान येत असेल तर ‘मोठ्यानं बोल’ म्हणण्यात अर्थ नाही, त्यानं आवाज आणखी आत जातो. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला काम द्या : ऐकू आलं की हात वर कर. बोलणारा त्या हाताकडे बघून बोलतो. नजर आपोआप वर येते, आवाज तिथपर्यंत पोहोचवला जातो, आणि कुणी त्याला टोकलेलंही नसतं.

पायऱ्या मात्र ओलांडू नका. आधी जोडी, मग चौघांत, मग जागेवर उभं राहून एक वाक्य, मग जागेवरून पूर्ण साचा, आणि सर्वांत शेवटी फळ्यासमोर. काही मुलं पहिल्याच आठवड्यात फळ्यापर्यंत येतील, काही सहाव्या आठवड्यात जागेवरच असतील. दोन्ही चालतं. प्रत्येकाला तासात एकदा ‘पुढे’ म्हणून पाळी सोडायची मुभा द्या, पण तिची किंमत ठेवा : पाळी सोडणाऱ्यानं आतापर्यंत वर्गात झालेलं कुठलंही एक कारण पुन्हा सांगायचं. त्यामुळे गप्प बसणाऱ्यालाही ऐकावं लागतं, आणि नवीन काही सुचवायचा ताण न येता त्याचा आवाज वर्गात उमटतो. ‘पुढे’ म्हणणाऱ्या मुलांनी आधी ऐकलेल्या कारणात स्वतःची भर घालायला सुरुवात केली की समजा, ती मुलं आता बोलायला तयार आहेत.

अडखळत बोलणाऱ्या मुलासाठी वेगळं सांगते. त्याचं वाक्य कुणीही पूर्ण करायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. त्याच्यापुरतं घड्याळ बाजूला ठेवा आणि ते आधी त्याला एकट्याला सांगून ठेवा. ज्या मुलाला उभं केल्यावर घाम फुटतो किंवा रडू येतं, त्याला खेळाच्या जोरावर उभं करू नका. त्याला मुद्दे फळ्यावर लिहायचं काम द्या आणि समुपदेशकांशी बोला. विनोदी विषय भीड मोडतो, पण खोलवरच्या भीतीवर तो उपाय नाही.

काय बिघडतं? पहिलं, वर्गातला विनोदवीर. त्याला गप्प करू नका, त्याची ताकद वापरा. नियम एवढाच : विनोद केला की त्याच दमात कारण. ‘चौकोनी पोळीला कोपरे असतील, टोचतील!’ हा विनोद. ‘टोचतील म्हणून काय झालं?’ असं वर्गानंच विचारायचं. बऱ्याचदा त्यातून चांगलं कारण निघतं, इथेच ‘कोपरे कडक होतील, म्हाताऱ्या माणसांना चावणार नाहीत’ हे निघू शकतं. नाही निघालं तर पाळी पुढे जाते. दोन-तीन तासांत तो कारणासकट विनोद करायला लागतो, आणि तो वर्गातला सर्वांत ऐकण्यासारखा वक्ता होतो.

दुसरं, नुसतं खोडून काढणं. काही हुशार मुलांच्या लक्षात येतं की स्वतः काही न मांडता समोरच्याचं पाडत राहणं सोपं आहे. न्यायसूत्रांत याला वितंडा म्हटलंय, स्वतःचा पक्ष न मांडता केलेला वाद. यावर उपाय सोपा : लागोपाठ दोनदा खोडलं की तिसऱ्यांदा स्वतःचं कारण मांडल्याशिवाय पाळी नाही.

तिसरं, हसू बोलणाऱ्यावर जाणं. हे ओळखायची खूण अशी : विषयावरच्या हशात बोलणारा स्वतःही हसतो. बोलणाऱ्यावरच्या हशात तो खाली बघतो किंवा बाक खरवडतो. तशी खूण दिसली की खेळ तिथेच थांबवा, बोलणाऱ्याचं कारण तुम्ही स्वतः पूर्वपक्षासारखं नीट मांडा, ‘असंच म्हणालास ना?’ विचारा आणि खेळ पुढे न्या. उपदेश करू नका. त्याचं म्हणणं शिक्षकानं जसंच्या तसं मांडलं एवढं वर्गाला पुरतं.

आणि चौथं, आपणच फार बोलणं. मोठ्या फेऱ्यात तुमचं वाक्य शक्यतो एकच असावं, ‘म्हणून काय झालं?’

शिकणं होतंय का, हे टाळ्यांवरून कळत नाही. तासाच्या शेवटी तीन मिनिटं ठेवा आणि प्रत्येकाला वहीत दोन ओळी लिहायला सांगा : विरुद्ध बाजूचं सर्वांत चांगलं कारण कोणतं, आणि ते कुठे कमी पडतं. पहिल्या आठवड्यात बहुतेक वह्यांमध्ये ‘त्यांचं काहीच बरोबर नव्हतं’ असं असेल किंवा पान कोरं असेल. दोन-तीन विषयांनंतर समोरचं कारण नीट लिहिलेलं दिसायला लागतं. ‘कारण’ या शब्दानंतर आणखी एक जोडवाक्य येतंय का, तेही बघा. बोलण्याच्या बाजूनं मी एकच गोष्ट टिपून ठेवते : मोठ्या फेऱ्यात आज नवीन कोण बोललं. चांगलं कोण बोललं याची नोंद नको. नवीन नावं यायची थांबली तर पुन्हा एक-दोन तास जोड्या आणि चौकडीवरच घालवा.

या खेळाची मर्यादाही लक्षात ठेवा. पोळीवरून मुलं जोड तपासायला, उदाहरण लागू पडतं का बघायला, समोरच्याचं ऐकायला शिकतात. बातमी खरी की खोटी, आकडा कुठून आला, हे ती इथे शिकत नाहीत; घरून आणलेल्या एखाद्या उत्तरापलीकडे या विषयांना माहिती लागतच नाही. म्हणून पाच-सहा आठवड्यांनी गंभीर विषय घ्या, पण थेट ‘शाप की वरदान’वर जाऊ नका. शाळेतलाच, मुलांना मोजता येईल असा विषय घ्या : ‘मधली सुट्टी एक मोठी ठेवण्याऐवजी दोन छोट्या कराव्यात.’ बाजू वाटणं, जोड्या, पूर्वपक्ष, फळ्यावरचा साचा सगळं तेच ठेवा. फरक एवढाच की आता एका गटानं डबा खायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजून आणायचं, दुसऱ्यानं नळापाशी रांग किती वेळ असते ते बघायचं, तिसऱ्यानं मैदानावर एका वेळी किती मुलं खेळू शकतात ते. वाद झाल्यावर दोन्ही बाजूंची टिकलेली कारणं एका पानावर लिहून मुलांनाच मुख्याध्यापकांकडे नेऊ द्या. कुणी जायचं ते हजेरीच्या क्रमांकानं ठरवा, म्हणजे पुन्हा तीच चार-पाच मुलं जाणार नाहीत.